बोलून घेतलेल्या मजकुरातले ‘पूर्णविराम’ आणि ‘नवा परिच्छेद’ : शब्द काढून खरी चिन्हं कशी बसवायची

माझे मामा गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका गावात राहतात. आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं. आता डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून गेल्या पावसाळ्यात त्यांनी आपल्या आठवणी फोनवर बोलून टाइप करायला घेतल्या. वर्गात शुद्धलेखन घालण्याची सवय इतकी मुरलेली, की प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते स्पष्ट ‘पूर्णविराम’ म्हणायचे. त्यांच्या फोनने चिन्ह काही दिलं नाही, तो शब्दच लिहिला. साठेक पानांचा मजकूर फोंड्याला माझ्याकडे आला, तेव्हा त्यात एकही ठिपका नव्हता आणि ‘पूर्णविराम’ मात्र ओळीओळीला होता.

पहिल्या वेळी मी ‘पूर्णविराम’ शोधून सगळीकडे एकदम ठिपका घातला. त्यातून ‘अपूर्णविराम’चे ‘अ.’ झाले, ‘वादाला पूर्णविराम मिळाला’चे ‘वादाला . मिळाला’ झाले, आणि फाइल त्याच नावाने जतन केल्यामुळे मूळ मजकूर फोनवरून पुन्हा मागवावा लागला. दुसऱ्या वेळी क्रम ठरवून बसले आणि दोन संध्याकाळी काम झालं. तो क्रम इथे देते.

काय काय लागेल

- संगणक आणि त्यावर LibreOffice Writer. फुकट मिळतं. खालचे सगळे नमुने त्याच्यासाठी आहेत.
- मूळ फाइल आणि तिची वेगळ्या नावाची प्रत. मूळ फाइल उघडायचीसुद्धा नाही.
- बोलताना आवाज वेगळा ध्वनिमुद्रित केला असेल तर तोही. अडलेल्या जागी फार उपयोगी पडतो.
- एक कागद आणि पेन, पहिल्या पायरीसाठी.

Writer मध्ये Ctrl+H दाबलं की शोधा-बदला खिडकी उघडते. तिच्यात खाली `Other options` मध्ये `Regular expressions` वर खूण करा. ती नसेल तर खालचा एकही नमुना चालणार नाही. नमुन्यांमधल्या मोकळ्या जागांनाही अर्थ आहे. पुष्कळ नमुन्यांची सुरुवातच मोकळ्या जागेने होते, म्हणून नकलताना ती सुटू देऊ नका.

हा तुकडा आपण शेवटपर्यंत सोबत ठेवू. जत्रेतल्या नाटकाच्या आठवणीतला आहे आणि त्यात जवळजवळ सगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत:

> रात्री साडेदहाला पहिली घंटा व्हायची स्वल्पविराम पण पडदा वर जायला बारा वाजायचे पूर्णविराम त्या वर्षी आम्ही कंसवध बसवले होते पूर्ण विराम मी वडिलांना विचारले अपूर्णविराम अवतरणचिन्ह मला कंसाची भूमिका मिळेल का प्रश्न चिन्ह अवतरणचिन्ह ते नुसते हसले आणि त्या विषयाला पूर्णविराम मिळाला पूर्णविराम नवा परिच्छेद दुसऱ्या दिवशी तालीम सुरू झाली पूर्णविराम

१. आधी यादी करा, मग एकसारखं करा

बोलणारा एकच शब्द बोलतो, पण फोन तो चार तऱ्हांनी लिहितो. वरच्या तुकड्यातच ‘पूर्णविराम’ आणि ‘पूर्ण विराम’ दोन्ही आहेत. मामांच्या मजकुरात याशिवाय ‘पुर्णविराम’, ‘स्वल्प विराम’, ‘अल्पविराम’, ‘प्रश्न चिन्ह’, ‘प्रश्नचिह्न’ आणि ‘नविन परिच्छेद’ सापडले.

म्हणून बदलायला हात लावण्याआधी नुसतं `विराम` शोधा आणि `Find All` दाबा. त्याने शब्दाची सगळी ठिकाणं रंगतात. वरून खाली नजर टाका आणि जितकी रूपं दिसतील तितकी कागदावर लिहा. मग `चिन्ह`, `चिह्न` आणि `परिच्छेद` यांच्यासाठी तेच करा. साठ पानांना अर्धा तास लागतो. हा अर्धा तास वाचवू नका.

यादी झाली की सगळी रूपं एका रूपावर आणा. प्रत्येक जोडीत पहिली ओळ शोधायच्या चौकटीत, दुसरी बदलायच्या चौकटीत:

```
(पूर्ण|पुर्ण) *विराम
पूर्णविराम
```

```
(स्वल्प|अल्प) *विराम
स्वल्पविराम
```

```
प्रश्न *(चिन्ह|चिह्न)
प्रश्नचिन्ह
```

```
(दुहेरी +)?अवतरण *(चिन्ह|चिह्न)
अवतरणचिन्ह
```

उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. मोकळ्या जागेपुढची चांदणी म्हणजे ‘जागा असो वा नसो’. पहिल्या नमुन्याने ‘अपूर्ण विराम’चंही आपोआप ‘अपूर्णविराम’ होतं, कारण पुढचा ‘अ’ जागच्या जागी राहतो. इथे ते आपल्या सोयीचं आहे. पुढे तोच ‘अ’ घात करू शकतो.

बोलणारा तरुण असेल तर यादी निराळी निघते. मामेभावाने बोलून घेतलेल्या दोन प्रकरणांत ‘फुलस्टॉप’, ‘कॉमा’, ‘न्यू पॅरा’ आणि ‘इन्व्हर्टेड कॉमा’ होतं. त्यातलं ‘इन्व्हर्टेड कॉमा’ सगळ्यात आधी ‘अवतरणचिन्ह’ करून घ्या, कारण त्याच्या पोटात ‘कॉमा’ आहे. आणि फोनने ‘कॉमा’ला कुठे ‘कोमा’ लिहिलं असेल तर ते एकेक करून बघा. आजारपणाच्या गोष्टीत कोमा खराही असतो.

२. जे शब्द खरे शब्द आहेत, त्यांना वाचवा

‘पूर्णविराम’ मराठीत नुसता चिन्हाचं नाव नाही. वादाला पूर्णविराम मिळतो, कारकिर्दीला पूर्णविराम लागतो, एखाद्याच्या हेतूवर प्रश्नचिन्ह उभं राहतं. ही वाक्यं अगदी रोजची आहेत आणि यंत्राला त्यातला फरक कळत नाही.

मला वाटलं होतं, खऱ्या शब्दाच्या आधी ‘-ला’ येतो, तेवढं शोधलं की झालं. ते फसलं. ‘विषयाला पूर्णविराम’ सापडला, पण ‘तो घरी गेला पूर्णविराम’ हेही सापडलं, कारण आपली भूतकाळाची क्रियापदं ‘ला’नेच संपतात. मग पुढचा शब्द धरून बघितलं. ‘पूर्णविराम दे’ शोधल्यावर ‘पूर्णविराम देणे’ही येतं आणि ‘पूर्णविराम देवळात गर्दी होती’ हेही येतं. म्हणून हे काम माणसानेच करायचं आहे. शोध मात्र थोडक्यात आटोपतो:

```
पूर्णविराम (मिळ|दे|दि|द्या|लाग|पड)
```

`Find Next` दाबत एकेक ठिकाण वाचा. शब्द खरा असेल तर मजकुरात हाताने मध्ये एक खूण घाला: `पूर्ण#विराम`. आता पुढचा कोणताही नमुना त्याला ओळखणार नाही. सगळं झाल्यावर ही खूण काढून टाकू. आमच्या साठ पानांत अशी नऊ ठिकाणं निघाली. ‘प्रश्नचिन्ह’साठी पुढचे शब्द बहुधा `उभ`, `निर्माण` आणि `लाग` असतात. तिथेही हीच खूण: `प्रश्न#चिन्ह`.

प्रत्यय लागलेली रूपं, म्हणजे ‘पूर्णविरामाची’, ‘प्रश्नचिन्हे’, यांची काळजी इथे करू नका. चौथ्या पायरीतला नमुना त्यांना सोडून देतो.

३. परिच्छेद आधी तोडा

बहुतेक जण परिच्छेद शेवटी करतात. मी ते आधी करायला सांगते, आणि त्याचं कारण पाचव्या पायरीतल्या अवतरणांमध्ये आहे. Writer चा शोध एका परिच्छेदाच्या बाहेर जात नाही. मजकूर आधी लहान तुकड्यांत तोडलेला असला, तर पुढे एखादी चूक झालीच तरी ती त्या तुकड्यातच अडकून राहते.

```
 *(नवा|नवीन|नविन) परिच्छेद *
\n
```

बदलायच्या चौकटीतलं `\n` म्हणजे नवा परिच्छेद, जणू तिथे एंटर दाबलं. शोधायच्या चौकटीत त्याच `\n` चा अर्थ वेगळा होतो. तिथे ते Shift+Enter ने केलेली ओळ शोधतं. Word वापरत असाल तर बदलायच्या चौकटीत `^p` लिहा.

यानंतर नुसतं `परिच्छेद` शोधा. मामा कधीकधी ‘नवा’ न म्हणता फक्त ‘परिच्छेद’ म्हणत. ते हाताने तोडा. अभंग, ओव्या, भजनं मध्ये आली असतील तर त्या ओळी या वेळीच बाहेर काढून वेगळ्या फाइलीत ठेवा. पद्यात `।` आणि `॥` हे दंड लागतात, गद्यात आपण ठिपकाच देतो. बोलणाऱ्याच्या फोनवर हिंदी निवडलेली असेल तर गद्यातही दंड आलेले सापडतील. पद्य बाजूला ठेवल्यावर ` *।` च्या जागी `.` घातला की ते मिटतं.

४. विरामचिन्हं : मोकळ्या जागेसकट

नुसता शब्द काढून चिन्ह घातलं तर ‘व्हायची , पण’ असं होतं. चिन्हाआधीची जागा गेली पाहिजे आणि नंतरची राहिली पाहिजे. म्हणून शोधतानाच आधीची जागा धरायची:

```
 +अपूर्णविराम( |$)
:$1
```

```
 +स्वल्पविराम( |$)
,$1
```

```
 +पूर्णविराम( |$)
.$1
```

```
 +प्रश्नचिन्ह( |$)
?$1
```

‘उद्गारचिन्ह’ आणि ‘अर्धविराम’ असतील तर त्यांचंही याच साच्यात.

हा नमुना सावकाश वाचून घ्या, कारण त्याच्यात दोन पहारेकरी आहेत. सुरुवातीचं ` +` म्हणजे शब्दाआधी किमान एक मोकळी जागा हवीच. ‘अपूर्णविराम’मध्ये ‘पूर्णविराम’च्या आधी ‘अ’ आहे, जागा नाही, म्हणून तो वाचतो. शेवटचं `( |$)` म्हणजे शब्दानंतर जागा तरी हवी, नाहीतर परिच्छेदाचा शेवट तरी. ‘पूर्णविरामाची’मध्ये ‘म’नंतर काना येतो, म्हणून तोही वाचतो. `$1` ने ती पकडलेली जागा होती तशी परत ठेवली जाते.

एवढी बंदोबस्ती असूनही मी ‘अपूर्णविराम’ आधीच करते. ज्यांना नमुने वापरायचे नाहीत आणि साधा शोध करायचा आहे, त्यांच्यासाठी तर हा नियमच आहे: ज्याच्या पोटात दुसरा शब्द आहे, तो मोठा शब्द आधी.

‘अपूर्णविराम’च्या जागी चिन्ह टाइप करताना एक बघा. मराठी कळफलक चालू असेल तर चुकून विसर्ग पडतो. `विचारले:` आणि `विचारलेः` पडद्यावर जवळजवळ सारखे दिसतात, पण दुसरं चिन्ह अक्षराला चिकटलेलं असतं. बॅकस्पेस, शोध, छपाईतला फॉन्ट, सगळीकडे ते वेगळं वागतं. चिन्हं टाइप करताना कळफलक इंग्रजीवर घ्या.

कुणी संगणकाच्या जाणकाराने Python मध्ये हे काम करून देतो म्हटलं, तर त्याला `\b` वापरू नको म्हणून सांगा. तिथल्या `re` मध्ये काना-मात्रा शब्दाचा भाग धरल्या जात नाहीत. त्यामुळे ‘पूर्णविरामाची’मधला ‘म’ संपला की शब्द संपला असं त्याला वाटतं, आणि उरतं ‘.ाची’. आमच्याकडे एका प्रकरणात नेमकं हेच झालं होतं. असा सुटा काना मजकुरात दिसला की कारण हेच समजा. वरच्यासारखी जागा धरून लिहिलेला नमुना तिथेही चालतो, फक्त `$1` च्या जागी `\1` लिहावं लागतं आणि `$` साठी `re.MULTILINE` लावावं लागतं.

या पायरीनंतर आपला तुकडा असा दिसतो:

> रात्री साडेदहाला पहिली घंटा व्हायची, पण पडदा वर जायला बारा वाजायचे. त्या वर्षी आम्ही कंसवध बसवले होते. मी वडिलांना विचारले: अवतरणचिन्ह मला कंसाची भूमिका मिळेल का? अवतरणचिन्ह ते नुसते हसले आणि त्या विषयाला पूर्ण#विराम मिळाला.
>
> दुसऱ्या दिवशी तालीम सुरू झाली.

५. अवतरणचिन्हं आणि कंस

अवतरण उघडताना आणि मिटताना बोलणारा एकच शब्द बोलतो, पण चिन्हं दोन आहेत. म्हणून जोडीने बदलायची:

```
अवतरणचिन्ह +(.*?) *अवतरणचिन्ह
“$1”
```

मधलं `.*?` म्हणजे ‘जवळात जवळच्या जोडीदारापर्यंतचा मजकूर’. तिथलं प्रश्नचिन्ह विसरलात तर परिच्छेदातल्या पहिल्या अवतरणापासून थेट शेवटच्यापर्यंत एकच अवतरण होतं. `“` आणि `”` ही चिन्हं वरच्या नमुन्यातूनच उचला.

बोलणारा एखादं अवतरण मिटायला विसरतोच. मग त्या जागेपासून पुढे सगळं उलटं होतं: माणसाचं बोलणं बाहेर पडतं आणि निवेदन अवतरणात जातं. परिच्छेद आधी तोडायला सांगितले ते याचसाठी. आता हे उलटणं पुढच्या परिच्छेदात शिरत नाही. बदल झाल्यावर `अवतरणचिन्ह` पुन्हा शोधा. एखाद्या परिच्छेदात एक शब्द उरला असेल, तर चूक त्या शब्दापाशीच आहे असं धरू नका. परिच्छेद पहिल्यापासून वाचा. कुठे ‘“ते नुसते हसले”’ असं निवेदन अवतरणात गेलेलं दिसेल, चूक त्याच्या आधी आहे. आमच्याकडे एका परिच्छेदात दोन अवतरणं मिटायची राहिली होती. जोड्या जुळल्या, शब्द एकही उरला नाही, आणि सगळं उलटं होतं. ते वाचतानाच सापडलं.

कंसाला मी नमुना लावत नाही. आपल्याकडे जत्रेतल्या नाटकांत आणि दशावतारी काल्यात कंस हे पात्र वरचेवर येतं, आणि मजकुरात ‘कंसवध’ असताना ‘कंस’च्या जागी सरसकट चिन्ह घातलं तर काय होईल ते उघड आहे. शिवाय मामा शाळेतल्या सवयीने ‘कंसात … कंस पूर्ण’ असं म्हणतात, म्हणजे उघडायला एक शब्द आणि मिटायला दुसरा. `कंस पूर्ण` शोधा, प्रत्येक ठिकाणी मागे जाऊन ‘कंसात’ बघा आणि हाताने चिन्हं घाला. साठ पानांत अकरा जागा होत्या, पंधरा मिनिटं लागली.

६. साफसफाई

दोन-तीन जागा एकत्र आल्या असतील तर त्यांची एक करा. पहिल्या ओळीत दोन मोकळ्या जागा आणि अधिकचिन्ह आहे, दुसरीत एक मोकळी जागा:

```
  +
 
```

चिन्हाआधी राहिलेली जागा काढा:

```
 +([.,?!;:])
$1
```

आता हा शोध लावा. बदलायचं काही नाही, फक्त बघायचं:

```
[^.?!”:]$
```

ज्या परिच्छेदाच्या शेवटी कसलंच चिन्ह नाही, ते सगळे यात सापडतात. बोलणाऱ्याने ‘पूर्णविराम’ न म्हणता थेट ‘नवा परिच्छेद’ म्हटलेल्या या जागा. मथळेही यात येतील, ते सोडून द्या.

मग एकदा `विराम|चिन्ह|चिह्न|परिच्छेद|कॉमा|स्टॉप|पॅरा` शोधा. जे उरलं असेल ते इथे दिसेल. बोलणारा अडखळून ‘पूर्णविराम पूर्णविराम’ असं दोनदा म्हणाला असेल, तर दुसरा शब्द ठिपक्यानंतर तसाच राहिलेला असतो. परिच्छेदाच्या अगदी सुरुवातीला पडलेला शब्दही राहतो, कारण त्याच्या आधी मोकळी जागा नसते. हे दोन्ही हातानेच पुसा.

शेवटी `#` शोधा, बदलायची चौकट रिकामी ठेवा आणि सगळे एकदम बदला. ‘पूर्ण#विराम मिळाला’चं ‘पूर्णविराम मिळाला’ होतं. मूळ मजकुरात कुठे `#` होता का, हे दुसऱ्या पायरीच्या आधी एकदा शोधून घ्या. असेल तर दुसरी खूण निवडा.

७. जे बोललंच गेलं नाही

इथपर्यंतचं सगळं बोललेल्या चिन्हांपुरतं. बोलणारा रंगात आला की चिन्हं म्हणायचं विसरतो, आणि नेमके तेच भाग चांगले असतात. मामांच्या मजकुरात एका पुराच्या आठवणीत दीड पान एकही विराम नव्हता. तिथे ध्वनिमुद्रण लावून ऐकत ठिपके घातले. श्वास कुठे घेतला, आवाज कुठे खाली आला, ते ऐकल्यावर वाक्य कुठे संपलं ते बरोबर कळतं. आवाज नसेल तर तो भाग छापून बोलणाऱ्यालाच वाचून दाखवा आणि तो जिथे मान हलवेल तिथे खूण करा.

त्यांनी म्हटलेला पण व्याकरणाला नको असलेला स्वल्पविराम काढायचा का, हा प्रश्न मला पडला होता. ‘आणि’च्या आधी मामा बऱ्याचदा स्वल्पविराम म्हणतात. मी ते ठेवले आहेत. ते त्यांचं थांबणं आहे, आणि मजकूर त्यांचा आहे.

पुढची प्रकरणं बोलायला बसण्याआधी मी मामांना दोनच गोष्टी सांगितल्या. अवतरणाला ‘अवतरण सुरू’ आणि ‘अवतरण बंद’ म्हणा. आणि नाटकातला कंस आला, तर चिन्हाला ‘ब्रॅकेट’ म्हणा. त्यांनी एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून तो फोनच्या मागे चिकटवला आहे. नव्या प्रकरणात अवतरणाची एकही जोडी उलटी झाली नाही.